क्रेडिट कार्डावरील फायनान्स चार्जची पडताळणी

क्रेडिट कार्डावरील फायनान्स चार्जची पडताळणी म्हणजे कार्डाच्या एखाद्या मासिक विवरणपत्रात (स्टेटमेंटमध्ये) आकारलेले व्याज हे कार्डाचा जाहीर मासिक दर, देयक-चक्र (बिलिंग सायकल) आणि प्रत्यक्ष व्यवहारांच्या तारखा यांच्याशी जुळते की नाही, हे आकडेमोड करून तपासणे होय. भारतातील विवरणपत्रांत हे व्याज 'फायनान्स चार्ज', 'वित्त आकार' किंवा नुसते 'व्याज' अशा नावांनी दाखवलेले असते. या लेखात भारतातील कार्डांवर रूढ असलेल्या दैनिक बाकीच्या पद्धतीने करावयाची पडताळणी दिली आहे.

विवरणपत्रात दर 'दरमहा' असा छापलेला असला, तरी व्याज महिन्याच्या हिशेबाने नव्हे, तर दिवसाच्या हिशेबाने मोजले जाते. शिवाय ज्या दिवसांचे व्याज लागते ते दिवस केवळ त्या विवरणपत्राच्या महिन्यातलेच असतात असे नाही. या दोन कारणांमुळे थकलेल्या रकमेला मासिक दराने गुणून येणारा आकडा आणि विवरणपत्रातील आकडा यांत बहुधा मोठी तफावत दिसते. ती तफावत म्हणजे चूकच असे नसते. पण चूक असेल तर ती नेमकी कोठे आहे, हे पद्धतशीर पडताळणीनेच कळते.

## पार्श्वभूमी

कार्डाचे देयक-चक्र साधारणपणे एका महिन्याचे असते. उदाहरणार्थ, एका महिन्याच्या ११ तारखेपासून पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत. चक्राच्या शेवटच्या दिवशी विवरणपत्र तयार होते आणि पैसे भरण्यासाठी पुढील काही दिवसांची मुदत मिळते. या मुदतीच्या शेवटच्या दिवसाला 'देय तारीख' म्हणतात. देय तारखेपर्यंत संपूर्ण रक्कम भरल्यास खरेदीवर व्याज लागत नाही. हा 'व्याजमुक्त काळ' होय.

संपूर्ण रक्कम भरली नाही, तर व्याजमुक्त काळाची सवलत रद्द होते आणि व्याज देय तारखेपासून नव्हे, तर मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते. आधीची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही ही सवलत मिळत नाही; तिच्यावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. किमान देय रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. कार्डावरून काढलेल्या रोख रकमेला तर व्याजमुक्त काळ मुळातच नसतो.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी सविस्तर निदेश जारी केले. मागील देयकाची बाकी राहिल्यास व्याजमुक्त काळ स्थगित होतो, हे कार्डाच्या 'सर्वाधिक महत्त्वाच्या अटी व शर्ती' या दस्तऐवजात उदाहरणासह स्पष्ट करण्याची जबाबदारी कार्ड देणाऱ्या संस्थेवर आहे. त्यामुळे पडताळणीसाठी विवरणपत्राइतकाच हा दस्तऐवजही आवश्यक ठरतो.

व्याजदर जास्त असणे आणि व्याज चुकीचे मोजले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा अधिक दर ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणून केवळ दर ३० टक्क्यांहून अधिक आहे, या कारणावरून विवरणपत्रातील आकारणी चुकीची ठरत नाही. पडताळणीचा प्रश्न एवढाच असतो की, जो दर जाहीर केला आहे तोच, योग्य रकमेवर आणि योग्य दिवसांसाठी लावला आहे काय?

## आवश्यक माहिती

पडताळणीसाठी पुढील गोष्टी जवळ असाव्या लागतात.

* ज्या विवरणपत्रात व्याज लागले ते, आणि त्याच्या आधीचे किमान एक विवरणपत्र. व्याज मागील चक्रातील खरेदीच्या तारखेपासून मोजले जात असल्याने एका विवरणपत्रावरून हिशेब पूर्ण होत नाही.
* विवरणपत्रावर छापलेला मासिक व वार्षिक दर. दोन्ही दिले असल्यास मासिक दराची बारा पट म्हणजेच वार्षिक दर आहे, याची खात्री करावी.
* भरणा केल्याची तारीख आणि तो कार्डखात्यात जमा झाल्याची तारीख. या दोन्ही तारखा एकच असतील असे नाही.
* अटी व शर्तींमधील व्याजमोजणीचे उदाहरण.

खरेदी, रोख उचल आणि हप्त्यांत (ईएमआयमध्ये) रूपांतरित केलेली रक्कम यांचे दर व नियम वेगवेगळे असू शकतात. असे व्यवहार असल्यास प्रत्येक प्रकाराचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

## मोजणीचे सूत्र

व्याज मोजताना कार्डावर दररोज किती बाकी होती हे पाहिले जाते. बाकी जितके दिवस स्थिर राहिली तितक्या दिवसांनी तिला गुणतात. अशा सर्व टप्प्यांच्या गुणाकारांची बेरीज करून तिच्यावर एका दिवसाचा दर लावतात.

```
व्याज = (बाकी × दिवस यांची बेरीज) × मासिक दर × 12 ÷ 365
```

मासिक दर ३.५ टक्के असेल तर वार्षिक दर ४२ टक्के होतो आणि एका दिवसाचा दर सुमारे ०.११५ टक्का येतो. या सूत्रामुळे 'दरमहा ३.५ टक्के' याचा अर्थ प्रत्येक महिन्यात थोडा बदलतो. एकच बाकी ३० दिवस राहिली तर व्याज ३.४५ टक्के, ३१ दिवस राहिली तर ३.५७ टक्के आणि २८ दिवस राहिली तर ३.२२ टक्के होते. ३१ दिवसांच्या चक्रात छापील दरापेक्षा किंचित जास्त व्याज दिसणे ही म्हणूनच चूक नव्हे.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. कार्डाचे देयक-चक्र ११ तारखेपासून १० तारखेपर्यंतचे आहे आणि दर दरमहा ३.५ टक्के आहे. १० मे २०२५ च्या विवरणपत्राची रक्कम कार्डधारकाने मुदतीत पूर्ण भरली होती, त्यामुळे जुनी बाकी काहीही नव्हती. नंतरचे व्यवहार असे झाले:

* १५ मे: कपडे धुण्याच्या यंत्राची खरेदी, ₹१८,०००
* २ जून: शाळेची पुस्तके व गणवेश, ₹६,०००
* १० जून: विवरणपत्र, एकूण देय ₹२४,०००, देय तारीख ३० जून
* २५ जून: भरणा ₹१४,०००
* १ जुलै: किराणा, ₹३,०००
* १० जुलै: पुढील विवरणपत्र, फायनान्स चार्ज ₹१,२२६.६३ आणि त्यावरील जीएसटी ₹२२०.७९

कार्डधारकाच्या मनातला हिशेब साधारणतः असा असतो: चोवीस हजारांपैकी चौदा हजार मुदतीच्या आत भरले, दहा हजार राहिले, त्यावर साडेतीन टक्के म्हणजे ₹३५० व्याज. विवरणपत्रातील आकडा याच्या साडेतीन पट आहे. संपूर्ण ₹२४,००० वर एका महिन्याचे व्याज धरले तरी ते ₹८४० च होते. त्यामुळे आकारणी चुकीची असल्याची शंका येणे स्वाभाविक आहे.

### दैनिक बाकीची मांडणी

देय तारखेपर्यंत पूर्ण रक्कम न भरल्याने व्याजमुक्त काळ रद्द झाला. म्हणून हिशेब ११ जूनपासून नव्हे, तर पहिल्या खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १५ मेपासून सुरू होतो. खरेदीचा दिवस मोजला जातो. भरण्याच्या दिवशी बाकी कमी झाली असे धरले जाते.

| कालावधी | बाकी (₹) | दिवस | बाकी × दिवस |
|---|---|---|---|
| १५ मे ते १ जून | १८,००० | १८ | ३,२४,००० |
| २ जून ते २४ जून | २४,००० | २३ | ५,५२,००० |
| २५ जून ते ३० जून | १०,००० | ६ | ६०,००० |
| १ जुलै ते १० जुलै | १३,००० | १० | १,३०,००० |
| एकूण | | ५७ | १०,६६,००० |

दिवसांची बेरीज ताडून पाहणे ही पहिली कसोटी आहे. १५ मे ते १० जुलै या काळात मे महिन्याचे १७, जूनचे ३० आणि जुलैचे १० असे ५७ दिवस येतात. कोष्टकातील दिवसही ५७ आहेत, म्हणजे एकही दिवस सुटलेला किंवा दोनदा धरलेला नाही.

आता सूत्र लावल्यास १०,६६,००० × ०.४२ ÷ ३६५ = ₹१,२२६.६३ हे उत्तर मिळते. विवरणपत्रातील आकडा याच्याशी पैशापर्यंत जुळतो. त्यावर १८ टक्के दराने जीएसटी ₹२२०.७९ होतो, तोही जुळतो. बँकांच्या इतर कर्जांवरील व्याजाला जीएसटी लागत नाही, पण क्रेडिट कार्डावरील व्याज या सवलतीतून वगळलेले आहे. त्यामुळे येथे करआकारणी योग्य आहे.

₹३५० आणि ₹१,२२६.६३ यांतील फरकाचे कारण कोष्टकात दिसते. व्याज एका महिन्याचे नसून ५७ दिवसांचे आहे आणि त्यांतील २३ दिवस बाकी ₹२४,००० होती. १ जुलैचा किराणाही पहिल्याच दिवसापासून व्याजाच्या कक्षेत आला. मासिक दर बरोबर लावलेला आहे. तो ज्या रकमेवर व ज्या दिवसांसाठी लागला त्यांविषयीची कल्पना मात्र वेगळी होती.

### तक्तापत्रकात पडताळणी

हीच आकडेमोड संगणकावरील तक्तापत्रकात (स्प्रेडशीटमध्ये) सहज करता येते. `B2` ते `B5` या चौकटींत बाकी, `C2` ते `C5` यांत दिवस आणि `D1` मध्ये मासिक दर `3.5%` असा भरून पुढील सूत्र लिहावे:

```
=ROUND(SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)*D1*12/365,2)
```

दिवस हाताने मोजण्याऐवजी दोन तारखांची वजाबाकी करता येते. मात्र वजाबाकीत शेवटचा दिवस सुटतो. १५ मे ते १ जून यांची वजाबाकी १७ येते, तर व्याजाचे दिवस १८ असतात. पुढील टप्प्याच्या पहिल्या दिवसातून, म्हणजे २ जूनमधून, १५ मे वजा केल्यास बरोबर १८ मिळतात. शेवटच्या टप्प्यासाठी विवरणपत्राच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, म्हणजे ११ जुलै, घ्यावी लागते.

## भरलेल्या रकमेवरील व्याजाचा प्रश्न

वरील कोष्टकात कार्डधारकाने मुदतीच्या आत भरलेल्या ₹१४,००० वरही १५ मे ते २४ जून या काळाचे व्याज आले आहे. व्याजमोजणीच्या उदाहरणांत ही मांडणी नेहमी आढळते: भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण बाकीवर व्याज आणि त्यानंतर उरलेल्या रकमेवर व्याज.

दुसरी मांडणी अशी की, देय तारखेपर्यंत जितकी रक्कम भरली ती हिशेबातून पूर्णपणे वगळायची आणि केवळ न भरलेल्या रकमेवर तिच्या खरेदीच्या तारखेपासून व्याज मोजायचे. भरणा आधी जुन्या खरेदीपोटी जमा धरला, तर १५ मेच्या खरेदीपैकी ₹४,००० आणि २ जूनच्या खरेदीचे ₹६,००० उरतात. त्यांचे दिवस अनुक्रमे ५७ आणि ३९ आहेत. १ जुलैच्या ₹३,००० चे दिवस १० आहेत. गुणाकारांची बेरीज ४,९२,००० होते आणि व्याज ₹५६६.१४ येते.

दोन्ही मांडण्यांतील फरक ₹६६०.४९ आहे. ही रक्कम म्हणजे भरलेल्या ₹१४,००० वरील ४१ दिवसांचे व्याज होय. दर तोच, देयक-चक्र तेच आणि व्यवहारही तेच असताना निव्वळ मोजणीच्या मांडणीमुळे व्याज दुपटीहून अधिक होते. व्याज केवळ थकीत रकमेवर आणि तेही भरणा, परतावा व रद्द झालेले व्यवहार यांचे समायोजन करूनच आकारावे, असे रिझर्व्ह बँकेचे निदेश सांगतात. म्हणून पडताळणी करताना दोन्ही आकडे काढावेत. विवरणपत्रातील आकडा कोणत्या मांडणीशी जुळतो ते पाहावे आणि तो कार्डाच्या अटींमधील उदाहरणाशी ताडावा. अटींमध्ये दुसरी मांडणी दिलेली असून आकारणी पहिल्या मांडणीने झाली असेल, तर तो तक्रारीचा स्पष्ट मुद्दा ठरतो.

## फरकावरून कारण शोधणे

हिशेब जुळला नाही, तर आलेल्या फरकातूनच कारणाचा माग काढता येतो. फरकाला ३६५ ने गुणून वार्षिक दराने (०.४२ ने) भागले असता 'बाकी × दिवस' याच स्वरूपातील एक संख्या मिळते. ती कोणत्या व्यवहाराच्या रकमेच्या पटीत आहे, हे पाहिले की चूक कोठे झाली ते बहुतेक वेळा उघड होते.

### भरणा उशिरा जमा होणे

वरील उदाहरणात विवरणपत्रावर ₹१,२२६.६३ ऐवजी ₹१,२७४.९६ आले असते, तर फरक ₹४८.३३ झाला असता. त्याला ३६५ ने गुणून ०.४२ ने भागल्यास सुमारे ४२,००० येतात. हे ₹१४,००० च्या बरोबर तिप्पट आहेत. म्हणजे २५ जूनचा भरणा २८ जूनला जमा धरला गेला आहे. अशा वेळी बँकेच्या पासबुकातील किंवा भरण्याच्या पावतीवरील तारीख हा पुरावा असतो. भरणा दुसऱ्या बँकेतून धनादेशाने केला असल्यास मात्र विलंबाचे खरे कारण असू शकते.

### मागील व्याज पुन्हा लागणे

१० जूनच्या विवरणपत्रातही फायनान्स चार्ज लागलेला असेल, तर १० जूनपर्यंतच्या दिवसांचे व्याज तेव्हाच वसूल झालेले असते. अशा कार्डाच्या जुलैच्या विवरणपत्रात हिशेब ११ जूनपासूनच सुरू व्हायला हवा. वरील व्यवहारांत १५ मे ते १० जून या काळाचे व्याज ₹६२१.३७ होते. फरक नेमका एवढाच आला, तर तेच दिवस दोनदा धरले गेले आहेत असे समजावे.

### शुल्क व करांवर व्याज

न भरलेली शुल्के, आकार व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही, असे २०२२ च्या निदेशांत स्पष्ट म्हटले आहे. १० जुलैच्या विवरणपत्राची एकूण रक्कम ₹१४,४४७.४२ होते, तिच्यात ₹२२०.७९ जीएसटी आहे. पुढील ३१ दिवसांच्या चक्रात या जीएसटीवर व्याज लावल्यास ₹७.८८ जास्त येतात. रक्कम लहान असल्याने ती सहसा नजरेतून सुटते, पण पुढील चक्राच्या बाकीत कर किंवा विलंब शुल्क मिसळले गेल्याची ती खूण असते. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाते की नाही, हे मात्र कार्डाच्या अटींमध्ये स्वतंत्रपणे पाहावे लागते.

### परतावा न धरणे

दुकानदाराने परत केलेले पैसे किंवा रद्द झालेला व्यवहार ज्या दिवशी कार्डावर जमा होतो, त्या दिवसापासून बाकी कमी व्हायला हवी. देय तारखेच्या आधी आलेला असा परतावा देय रकमेत लगेच वळता करून घ्यावा आणि तसे कार्डधारकाला कळवावे, असा नियम आहे. परताव्याची रक्कम आणि दिवस यांच्या गुणाकाराशी फरक जुळत असेल, तर परतावा हिशेबात धरलेला नाही असे ठरते.

### दरातील बदल

चक्राच्या मध्येच दर बदलला असेल, तर बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस वेगळे करून दोन दर लावावे लागतात. शुल्कांतील बदल किमान एक महिन्याच्या पूर्वसूचनेनंतर आणि पुढील काळासाठीच लागू करता येतो. विवरणपत्राच्या संपूर्ण काळाला नवा दर लावलेला असल्यास हिशेबातील सर्व टप्पे एकाच प्रमाणात वाढलेले दिसतात.

## पूर्ण भरण्यानंतरचे उरलेले व्याज

पडताळणीत सर्वाधिक गोंधळ होतो तो पुढील महिन्यात. समजा, कार्डधारकाने १० जुलैच्या विवरणपत्राची पूर्ण रक्कम ₹१४,४४७.४२ ही २८ जुलैला, म्हणजे मुदतीच्या आत भरली आणि नवी खरेदी केली नाही. तरीही १० ऑगस्टच्या विवरणपत्रात फायनान्स चार्ज आलेला दिसतो.

याचे कारण असे की, १० जुलैच्या विवरणपत्रात व्याज केवळ १० जुलैपर्यंतचे होते. ११ जुलै ते २७ जुलै हे १७ दिवस खरेदीची ₹१३,००० बाकी कार्डावर होतीच. तिचे व्याज १३,००० × १७ × ०.४२ ÷ ३६५ = ₹२५४.३० होते आणि त्यावर ₹४५.७७ जीएसटी लागतो. हे 'उरलेले व्याज' होय. ते चुकीचे नसते, पण १७ पेक्षा जास्त दिवसांचे नसावे. याच चक्रात पूर्ण ३१ दिवसांचे व्याज लागले असल्यास २८ जुलैचा भरणा हिशेबात धरलेला नाही, असा निष्कर्ष निघतो.

हे व्याज मुदतीत भरले आणि दुसरी बाकी राहिली नाही, की साखळी तुटते. त्यापुढील खरेदीला व्याजमुक्त काळ पुन्हा मिळू लागतो. तो नेमका कोणत्या चक्रापासून सुरू होतो, हेही अटींमध्ये दिलेले असते.

## मर्यादा

या पडताळणीने पैशापर्यंत अचूक उत्तर नेहमीच मिळेल असे नाही. काही संस्था प्रत्येक व्यवहाराचे व्याज वेगळे काढून दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करतात आणि मग बेरीज करतात. त्यामुळे काही पैशांचा फरक पडू शकतो. एखाद्या रुपयाच्या आतील फरक या कारणाचा असण्याची शक्यता अधिक असते.

खरेदीची तारीख आणि ती कार्डखात्यात नोंदली गेल्याची तारीख यांत एक-दोन दिवसांचे अंतर असू शकते. विवरणपत्रात यांपैकी एकच तारीख छापलेली असल्यास व्याज कोणत्या तारखेपासून धरले हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी दोन्ही गृहीतकांनी हिशेब करून पाहणे हाच उपाय उरतो. विलंब शुल्क, मर्यादेबाहेरील वापराचे शुल्क आणि वार्षिक शुल्क हे फायनान्स चार्जचा भाग नसतात. ते वेगळ्या नियमांनी लागतात आणि या सूत्रात बसत नाहीत.

## तफावत आढळल्यास

तफावतीचे कारण सापडल्यावर कार्ड देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करता येते. 'व्याज जास्त लागले आहे' एवढेच लिहिण्याऐवजी दैनिक बाकीचे कोष्टक, आलेले उत्तर, विवरणपत्रातील आकडा आणि दोहोंतील फरक दिल्यास संस्थेला मुद्द्याला धरून उत्तर द्यावे लागते. व्याज कोणत्या तारखेपासून, कोणत्या रकमेवर आणि किती दिवसांसाठी मोजले, याचा तपशीलही तक्रारीत मागता येतो. देयकाविषयी हरकत घेतल्यास संस्थेने स्पष्टीकरण आणि गरज असल्यास कागदोपत्री पुरावा तक्रारीच्या दिनांकापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत द्यावा, असा नियम आहे.

तक्रार चालू असताना वादाबाहेरील रक्कम देय तारखेपर्यंत भरणे हिताचे ठरते, कारण तिच्यावरील व्याज तक्रारीमुळे थांबत नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. ही तक्रार `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदवता येते. तिच्यासोबत दोन्ही विवरणपत्रे, भरण्याची पावती, संस्थेशी झालेला पत्रव्यवहार आणि वरीलप्रमाणे केलेले कोष्टक जोडावे.